औषधाच्या गोळीनंतर त्याच जागी परतणारा चट्टा: संसर्ग की फिक्स्ड ड्रग इरप्शन?

प्रश्न: डॉक्टर, माझे वय ३६ आहे. गेल्या दोन वर्षांत तीन वेळा माझ्या लिंगाच्या पुढच्या भागावर, अगदी एकाच जागी, लाल चट्टा आला. आधी चुणचुणते, मग फोड येऊन कातडी सोलते, लघवी लागली की प्रचंड झोंबते आणि दहा-बारा दिवसांत बरे होऊन काळसर डाग उरतो. एका डॉक्टरांनी हर्पीस सांगून गोळ्या दिल्या, पण तपासणीत काही निघाले नाही. आता लक्षात येते की प्रत्येक वेळी आदल्या दिवशी मी जुलाबासाठी किंवा दाढेसाठी काहीतरी गोळ्या घेतल्या होत्या. हा गोळीचा त्रास असू शकतो का? नेमकी कोणती गोळी हे कसे ओळखायचे? आणि पत्नीला यातून काही होईल का?

उत्तर: होय, असू शकतो. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा पहिला संशय ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ या विकाराचाच राहील. जागा प्रत्येक वेळी तीच, सुरुवात औषध घेतल्यानंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, आणि बरे होताना मागे राहणारा काळपट डाग, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्वचारोगतज्ज्ञाच्या मनात दुसरे निदान सहसा मागे पडते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

हा विकार नवा नाही. अँटिपायरिन या तापावरच्या जुन्या औषधानंतर असे चट्टे येतात, हे १८८९ मध्ये नोंदवले गेले आणि १८९४ मध्ये ब्रोक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने त्याला ‘स्थिर’ हे विशेषण दिले. औषधांची नावे बदलत गेली, विकाराची तऱ्हा तीच राहिली. आज सल्फा गटातील कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील औषधे, मेट्रोनिडाझोल आणि त्याची भावंडे, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविके, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल, तसेच आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड ही वेदनाशामके नेहमी आढळणारी कारणे आहेत. पॅरासिटामॉलसारखे अत्यंत निरुपद्रवी समजले जाणारे औषधही या यादीत आहे. इतकेच काय, अॅलर्जी दाबण्यासाठी देतात त्या सेटिरिझिननेही हा विकार झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे औषधाच्या प्रसिद्धीवरून त्याला निर्दोष ठरवू नये.

चट्टा त्याच जागी का येतो, हे समजले की पुढचा सगळा शोध सोपा होतो. पहिल्या उद्रेकानंतर त्या जागच्या त्वचेच्या वरच्या थरात, तळाच्या पेशींच्या लगत, टी-लिम्फोसाइट प्रकारच्या काही स्मृतिपेशी कायमच्या मुक्काम करतात. रक्तात फिरणाऱ्या इतर संरक्षक पेशींप्रमाणे त्या निघून जात नाहीत. बंद वाड्यात ठेवलेल्या पहारेकऱ्यांसारख्या त्या वर्षानुवर्षे तिथेच राहतात. औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून त्वचेत पोहोचले की याच पेशी जाग्या होतात, आसपासच्या त्वचापेशींना मारणारी द्रव्ये सोडतात आणि तेवढ्याच वर्तुळात लाली, सूज, फोड व सोलवटणे दिसते. औषध अंगभर पोहोचलेले असले तरी उरलेल्या त्वचेत या पेशी नसल्यामुळे ती स्वच्छ राहते. औषध थांबले की नियंत्रण ठेवणाऱ्या दुसऱ्या पेशी तिथे येतात आणि उद्रेक आपोआप शमतो. मेलेल्या त्वचापेशींतील रंगद्रव्य खालच्या थरात सांडते व तिथल्या पेशी ते गिळून बसतात, म्हणून डाग उरतो. ओठ, जननेंद्रिये, हात आणि पाय या जागा या विकाराच्या विशेष आवडीच्या आहेत. पुरुषांत शिश्नमुंडावरचा एकटा चट्टा हे त्याचे फार वेळा दिसणारे रूप आहे. स्त्रियांत तो योनीमुखाच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरतो व पुष्कळदा डाग न ठेवताच जातो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत तो बुरशीचा संसर्ग समजला जाण्याची शक्यता आणखी वाढते.

याच यंत्रणेतून वेळेचा हिशेबही कळतो. एखाद्या औषधाची ही प्रतिक्रिया शरीरात पहिल्यांदा तयार होत असेल तर त्याला काही दिवसांपासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून पहिला उद्रेक गोळ्यांचा पूर्ण क्रम घेत असताना किंवा तो संपता संपता येतो आणि गोळीशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या वेळी मात्र पहारेकरी आधीच तयार असतात. अर्ध्या तासापासून आठ तासांत चुणचुण सुरू होणे हे नेहमीचे, आणि फार तर एक-दोन दिवसांत चट्टा उमटतो. ‘हीच गोळी मी पूर्वी दहा वेळा घेतली आहे, तेव्हा काही झाले नाही’ हा युक्तिवाद रुग्ण नेहमी करतात. पूर्वी चालले म्हणून आज चालेल, असे या विकारात होत नाही.

आता हर्पीसविषयी. हा गोंधळ सर्वांत जास्त होतो, कारण हर्पीसही त्याच भागात पुन्हा पुन्हा उठतो आणि उठण्याआधी चुणचुणतो. पण हर्पीसमध्ये लालसर पायावर टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक पाणीदार पुळ्यांचा झुबका दिसतो, त्यांचे छोटे व्रण होतात, जागा थोडी इकडेतिकडे सरकते आणि काळपट गोल डाग सहसा उरत नाही. औषधाचा चट्टा मात्र गोल किंवा लंबगोल, नाण्यासारखा रेखीव, मध्यभागी जांभळट असतो आणि फोड आलाच तर तो एकच मोठा व सैल असतो. शिश्नमुंडाची कातडी नाजूक असल्यामुळे तो फोड फुटून गेलेला असतो व रुग्ण येतो तेव्हा फक्त सोलवटलेली लाल जागा दिसते. इथे डोळ्यांनी केलेले निदान फसू शकते. म्हणून नवा उद्रेक होताच, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत, त्या जागेवरून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्याची हर्पीससाठी पीसीआर तपासणी करावी. रक्तातील हर्पीसच्या प्रतिद्रव्यांची तपासणी या कामाला फारशी उपयोगी नाही. ती कधीतरी पूर्वी झालेला संपर्क सांगते, आजचा चट्टा कशाचा आहे हे सांगत नाही. तुमची ‘तपासणीत काही निघाले नाही’ ती यांपैकी कोणती होती, हे कागद काढून पाहावे.

हर्पीसच्या गोळ्यांनी ‘बरे वाटले’ यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण औषधाचा चट्टा काहीही न करता दहा-पंधरा दिवसांत बरा होतोच. आणखी एक फसवणूक आहे. ताप, दाढदुखी, जुलाब अशा आजारपणात हर्पीस स्वतःहूनही उठू शकतो आणि त्याच आजारपणात माणूस गोळ्याही घेतो, तेव्हा दोघांचा वेळेचा आलेख एकसारखाच दिसतो. म्हणून आजार होता पण गोळी घेतली नाही, आणि गोळी घेतली पण ताप वगैरे काही नव्हते, अशा वेळा आठवून पाहाव्यात. त्या वेळा फार बोलक्या असतात.

दुसरा सापळा उपचारातूनच तयार होतो. चट्टा बुरशीचा समजून फ्लुकोनाझोल दिले जाते, योनीचा संसर्ग समजून मेट्रोनिडाझोल दिले जाते, वेदनेसाठी आयबुप्रोफेन दिले जाते, आणि यांतलेच एखादे मूळ कारण असेल तर उपचार चालू असेपर्यंत जखम भरत नाही किंवा भरता भरता पुन्हा पेटते. पंधरा दिवसांपलीकडे न भरणारा चट्टा घेऊन कोणी आले की मी आधी त्या चट्ट्यासाठीच चालू असलेल्या गोळ्या तपासतो. इथे एक सावधगिरीही सांगतो. महिनोन्महिने न हलणारा, कडक होत जाणारा किंवा न दुखणारा व्रण हा या विकाराचा नमुना नव्हे. तसे असेल तर उपदंशाची रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे त्वचेचा तुकडा काढून तपासणे टाळू नये.

आता तुमचा खरा प्रश्न, कोणती गोळी. यासाठी माझ्याकडे आलेल्या चाळिशीतील एका गृहस्थांचा वृत्तान्त उपयोगी पडेल. ओळख लपवण्यापुरते तपशील बदलले आहेत, औषधे आणि क्रम तसाच ठेवला आहे. त्यांना पहिला चट्टा जुलाबासाठी ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेल्या गोळ्या घेताना पाचव्या दिवशी आला. आठ महिन्यांनी पुन्हा जुलाब झाले, त्यांनी घरात उरलेली तीच गोळी रात्री घेतली आणि पहाटे त्याच जागी आग होऊन जाग आली. त्यानंतर तीन आठवड्यांनी लघवीच्या संसर्गासाठी त्यांना नुसते ओफ्लॉक्सासिन पाच दिवस दिले गेले आणि काहीच झाले नाही. तेव्हा ‘गोळीचा दोष नाही, हा संसर्गच आहे’ असा निष्कर्ष निघाला आणि हर्पीसचे उपचार सुरू झाले. पुढे वर्षभराने दाढ काढल्यावर अॅमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची मिश्र गोळी असा संच मिळाला. पहिल्या मात्रेनंतर चार तासांत जुनी जागा खाजू लागली, दुसऱ्या दिवशी फोड आला आणि या वेळी उजव्या हाताच्या पाठीवरही एक नवा जांभळट चट्टा उमटला.

मी त्यांना घरी पाठवून मागील तीन वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या, औषधांची बिले आणि उरलेली पाकिटे आणायला सांगितले. गोळीचे व्यापारी नाव आम्हाला उपयोगी नसते, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेले मूळ घटक लागतात, आणि एका गोळीत दोन-तीन घटक असतील तर प्रत्येकाला वेगळे उभे करावे लागते. त्या कागदांतून दोन गोष्टी निघाल्या ज्या त्यांना आठवत नव्हत्या. मधल्या काळात त्यांनी कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन व तापासाठी पॅरासिटामॉल अनेकदा घेतले होते. आणि दुसऱ्या उद्रेकानंतर सहा महिन्यांनी छातीच्या संसर्गासाठी लेव्होफ्लॉक्सासिनचा पाच दिवसांचा क्रम पूर्ण केला होता. दोन्ही वेळी त्वचा स्वच्छ राहिली होती.

आता एकेक घटक तपासू. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन उद्रेकांपासून दूरच्या काळात अनेकदा घेऊनही काही झाले नाही, म्हणून ते सुटले. अॅमॉक्सिसिलिन फक्त शेवटच्या वेळी होते. आधीचे दोन उद्रेक त्याच्याशिवाय झाले, म्हणून त्याच्यावर ठपका ठेवण्याची गरज उरत नाही. उरले ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल-मेट्रोनिडाझोल. नुसत्या ओफ्लॉक्सासिनने काही झाले नाही, म्हणजे ते निर्दोष, असे तिथल्या तिथे म्हणावेसे वाटते, आणि नेमकी इथेच चूक होते. उद्रेकानंतर काही आठवडे, कधी काही महिने, ती जागा प्रतिसाद देत नाही. नियंत्रक पेशींचा पहारा तेव्हा कडक असतो. या काळात दोषी औषध घेतले तरी चट्टा उठत नाही. त्यांचे ओफ्लॉक्सासिन उद्रेकानंतर तिसऱ्या आठवड्यात घेतलेले होते, त्यामुळे ती साक्ष बाद. ओफ्लॉक्सासिनला सोडवले ते लेव्होफ्लॉक्सासिनने. ओफ्लॉक्सासिन हे एकमेकांची आरशातील प्रतिमा असणाऱ्या दोन रूपांचे समसमान मिश्रण आहे आणि लेव्होफ्लॉक्सासिन हे त्यातलेच एक रूप. उद्रेकानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे निष्क्रिय काळ बहुधा संपल्यावर, ते पाच दिवस घेऊनही जागा शांत राहिली. ही खातरी शंभर टक्के नव्हे, पण संशयाचा काटा ठामपणे दुसऱ्या बाजूला झुकतो. ऑर्निडाझोल आणि मेट्रोनिडाझोल एकाच रासायनिक घराण्यातले आहेत, दोघांपैकी एक प्रत्येक उद्रेकात हजर आहे आणि शांत काळात एकही नाही.

रुग्ण स्वतः हा शोध घेऊ शकतो, किमान त्याचा पहिला भाग. कागदावर प्रत्येक उद्रेकाची तारीख लिहावी आणि तिच्या आधीच्या ७२ तासांत पोटात गेलेले सगळे घटक लिहावेत. पहिल्या उद्रेकासाठी मात्र आधीचे दोन आठवडे धरावेत. मग उद्रेकाशिवाय घेतलेल्या औषधांची दुसरी यादी करावी व प्रत्येकापुढे मागील उद्रेकापासून किती काळ गेला होता ते लिहावे, म्हणजे निष्क्रिय काळातील साक्षी ओळखू येतात. ‘औषध’ म्हणताना माणूस फक्त डॉक्टरने दिलेले आठवतो. सर्दीची मिश्र गोळी, डोकेदुखीची गोळी, पाळीच्या दुखण्याची गोळी, रेचक, वनौषधींची पूड, दुसऱ्याच्या औषधांतून उचललेली एक गोळी, हे सगळे मुद्दाम विचारावे लागते. टॉनिक वॉटरमध्ये कडूपणासाठी घातलेल्या क्विनीनने आलेले चट्टेही नोंदवले गेले आहेत, आणि पेयाला औषध समजून ते कोण लिहून ठेवणार!

यानंतर खातरजमा करायची की नाही, हा निर्णय परिस्थितीवर असतो. उरलेल्या डागावर संशयित औषध पेट्रोलियम जेलीत १० ते २० टक्के मिसळून पट्टीखाली लावणे आणि तुलनेसाठी तेच पाठीवरच्या निरोगी त्वचेवर लावणे, ही पॅच टेस्ट सर्वांत निर्धोक. डागावर लाली आणि पाठ स्वच्छ, असा निकाल आला तर तो महत्त्वाचा असतो. पण तिच्या मर्यादा मोठ्या आहेत. ती उद्रेक पूर्ण शमून काही आठवडे गेल्यावरच करायची, पुष्कळ औषधे त्वचेतून नीट आत शिरत नाहीत म्हणून दोषी औषधही निगेटिव्ह येते, आणि जननेंद्रियाच्या ओल्या त्वचेवर ती करत नाहीत. त्यामुळे तुमच्याप्रमाणे एकच चट्टा आणि तोही तिथेच असेल, तर पट्टी लावायला जागाच नसते. त्या गृहस्थांच्या हातावर चट्टा उमटला होता म्हणून आम्ही करू शकलो. ती निगेटिव्ह आली.

उरते ती तोंडाने औषध देऊन पाहणे, म्हणजे चॅलेंज. शेवटच्या उद्रेकानंतर तीन महिने जाऊ दिले, त्वचा पूर्ण शांत असल्याची व दुसरे कोणते औषध चालू नसल्याची खात्री केली आणि मेट्रोनिडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या मात्रेचा दहावा भाग, ४० मिलिग्रॅम, देखरेखीखाली दिला. २४ तासांत काही झाले नाही. पुढच्या दिवशी १०० मिलिग्रॅम दिले, तेव्हा तीन तासांत हातावरचा जुना डाग खाजू लागला, कडेने लाल झाला आणि चाचणी तिथेच थांबवली. पूर्ण मात्रा देण्याची वेळ आली नाही. अॅमॉक्सिसिलिन त्यांनी नंतर घशाच्या संसर्गासाठी घेतले, ते निर्वेध गेले. ऑर्निडाझोलची चाचणी मी केली नाही. त्या घराण्यातले मेट्रोनिडाझोल, ऑर्निडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल हे सगळेच टाळणे व्यवहारात शक्य होते. एकाला प्रतिक्रिया असणाऱ्याला दुसऱ्यालाही असते असे प्रत्येक वेळी नाही, पण असते असे पुरेशा वेळा दिसले आहे, आणि त्यांच्या बाबतीत तर दोघांचा पुरावा समोर होताच.

‘मग मीच एक गोळी घेऊन बघतो’ असा विचार येईल, तो करू नये. प्रत्येक नव्या संपर्कात चट्ट्यांची संख्या वाढू शकते, जसा त्या गृहस्थांच्या हातावर नवा आला. क्वचित, विशेषतः वयस्कर माणसांत, अंगभर फोडांचे मोठे चट्टे येतात आणि शरीराच्या १० टक्क्यांहून अधिक भाग सोलवटतो. स्वतःचा बोटांसह पंजा म्हणजे अंदाजे एक टक्का, या मापाने तो मोजता येतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. असा प्रकार एकदा झालेल्याला चॅलेंज करतच नाहीत. तोंडात, डोळ्यांत व जननेंद्रियावर एकाच वेळी जखमा, ताप, गिळताना वेदना, किंवा कातडी पापुद्र्यासारखी सुटणे यांपैकी काही दिसले तर हा साधा चट्टा समजून घरी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम नावाचा वेगळा आणि गंभीर औषधविकार असाच सुरू होतो.

चट्टा उठलेला असताना करायचे काम थोडेच आहे. पहिले म्हणजे संशयित गोळी बंद. मात्र ती दुसऱ्या आजारासाठी आवश्यक असेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून पर्याय घ्यावा. सोलवटलेल्या जागी मीठ-पाण्याच्या, म्हणजे सलाइनच्या, ओल्या घड्या दिवसातून दोन-तीन वेळा दहा मिनिटे ठेवाव्यात आणि मग साधी पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे कपड्याचे घर्षण व लघवीचा संपर्क कमी होतो. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतत राहिले की झोंबणे बरेच कमी होते. स्त्रियांना तर हा उपाय फारच कामाचा ठरतो. साबण, जंतुनाशक द्रावणे आणि हळदीपासून टूथपेस्टपर्यंतचे घरगुती प्रयोग त्या जागी नकोत. हर्पीस नाही अशी खात्री झाल्यावर सौम्य ते मध्यम तीव्रतेचे स्टेरॉइड मलम पाच ते सात दिवस दिल्यास सूज लवकर उतरते. पण स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मिश्र मलमे मला या जागी मुळीच पसंत नाहीत. त्यांनी चित्र झाकोळते, आणि त्यांतलाच एखादा घटक नवा त्रास द्यायला पुरेसा असतो. सुंता झालेली नसेल तर अग्रत्वचा सुजून मागे अडकणार नाही याकडे लक्ष द्यावे. मागे सरकवलेली त्वचा पुन्हा पुढे येत नसेल तर ती तातडीची वेळ आहे.

डागाबद्दल बहुतेकांना संसर्गाइतकीच चिंता असते. रंगद्रव्य त्वचेच्या खालच्या थरात असल्यामुळे वरून लावायच्या गोरेपणाच्या मलमांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही आणि नाजूक जागी ती मलमे जळजळ करतात. डाग महिन्यांत किंवा वर्षांत हळूहळू फिका होतो, मात्र त्यासाठी नवा उद्रेक होता कामा नये, कारण प्रत्येक उद्रेक त्यात नवी भर घालतो.

औषध सापडले की त्याचे मूळ नाव व त्याचे घराणे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवावे आणि दंतवैद्यांसह प्रत्येक डॉक्टरला गोळी लिहिण्याआधी दाखवावे. ‘मला अँटिबायोटिक चालत नाही’ असे मोघम सांगणे दोन्ही बाजूंनी घातक ठरते: गरजेचे औषध नाकारले जाते आणि दोषी औषध वेगळ्या व्यापारी नावाने पुन्हा दिले जाते. मेट्रोनिडाझोलच्या घराण्याची प्रतिक्रिया असलेल्याने त्याची जेल आणि योनीत ठेवायच्या गोळ्याही टाळाव्यात, कारण थोडे औषध तिथूनही शोषले जाते. जुलाबाबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. साध्या पाणीदार जुलाबाला बहुतेक वेळा मीठ-साखरेचे पाणी पुरते, तिथे दोन प्रतिजैविकांच्या मिश्र गोळीची गरजच नसते. अमिबा किंवा जिआर्डियाचा संसर्ग तपासणीत निघालाच, तर आजारानुसार नायटाझोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिनसारख्या वेगळ्या घराण्यातील औषधाचा विचार डॉक्टर करू शकतात.

पत्नीविषयी. हा विकार संसर्गजन्य नाही, तो तुमच्या त्वचेतून त्यांच्याकडे जाऊ शकत नाही आणि त्यावरून कोणाच्या निष्ठेवर शंका घेण्याचे कारण नाही. जखम भरेपर्यंत संबंध टाळावेत, ते वेदनेसाठी आणि उघड्या त्वचेतून दुसरा संसर्ग शिरू नये म्हणून. हर्पीसचा नमुना निगेटिव्ह येईपर्यंत तर टाळावेतच. याच्या उलट दिशेने मात्र एक दुर्मीळ शक्यता आहे, ती बहुतेक डॉक्टरांनाही पटकन आठवत नाही. स्वतः गोळी न घेता, जोडीदार ते औषध घेत असताना संबंधानंतर चट्टा उठल्याच्या मोजक्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत. औषधाचा अंश वीर्यातून किंवा योनिस्रावातून पोहोचतो आणि आधीच तयार असलेल्या त्वचेला तेवढा पुरतो. तेव्हा तुमच्या यादीत एखादा उद्रेक असा निघाला की त्याआधी तुम्ही काहीच घेतले नव्हते, तर लगेच सगळा अंदाज मोडीत काढू नका. त्या दिवसांत पत्नी कोणत्या गोळ्या घेत होत्या तेही विचारून लिहून ठेवा, आणि दोषी औषध त्यांना घ्यावे लागत असेल तेव्हा कंडोम वापरा.